तीन फुटाचा गालिचा कितीला?

प्रिय बाळा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि काल दुकान बंद केल्यावर परत एकदा निवांत वाचला. महालक्ष्म्यांना तू तीन घरी मखरापुढं रांगोळी काढलीस, एका घरी ब्लाऊजपीस मिळाला, एका घरी पुरणपोळीचा डबा आणि तिसऱ्या घरी नुसतं "किती छान गं हात आहे तुझा" एवढंच, आणि आता दिवाळीसाठी त्याच गल्लीतल्या बायका आतापासून सांगून ठेवायल्यात. तू दोन गोष्टी विचारल्यास. पैसे मागितले तर बरं दिसंल का, आणि मागायचे तर किती. मी दुसरी आधी घेते, कारण तिचं उत्तर वहीत मांडून काढता येतं, आणि ते एकदा निघालं की पहिलीतली निम्मी भीती आपोआप जाते हे मी डोळ्यानं बघितलंय.

आमच्या इथं परभणीत, माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एक पोरगी होती, तेव्हा नववीला. तिचं नाव सांगत नाही, ती आता कॉलेजात आहे आणि तिला ते आवडायचं नाही. बाप मोंढ्यात हमाल, आई दिवाळीच्या अलीकडं-पलीकडं कापूस वेचायला जायची. शाळेच्या ड्रेसचं उसवलेलं शिवून घ्यायला ती माझ्याकडं यायची आणि मशीनजवळ बसून बोलत राहायची, त्यामुळं हे सगळं मला तिच्याच तोंडून आणि तिच्या वहीतून कळलेलं.

पोरीचा हात खरंच चांगला. ठिपक्यांची तर कोणीही काढतं, पण ही संस्कार भारतीची मोकळ्या हाताची काढायची, पाची बोटांतून रांगोळी सोडत मोठी गोल रेघ अशी एका दमात ओढायची की बघणारा थांबायचा. मध्ये कमळ, भोवती शंख-स्वस्तिक, सर्परेषा, आणि कडेला पांढऱ्याची जाळी. गालिचा भरताना रंग नुसता टाकायची नाही, आधी त्यात पांढरी रांगोळी मिसळून घ्यायची, कारण नुसता रंग फार बारीक असतो, त्याचे गोळे होतात, वाऱ्यानं उडतो आणि फरशीला डाग धरतो, मग चहाच्या गाळणीतून भरायची म्हणजे सगळीकडं सारखा थर बसतो. हे तुला माहीत असणारच, पण मुद्दाम लिहिलं, कारण दारात उभं राहून बघणाऱ्या काकूला यातलं काहीच दिसत नाही. ती चहा घेऊन येते तेव्हाची पाच-दहा मिनिटं तिला दिसतात, आणि तेवढ्यातच रांगोळी झाली असं तिला मनापासून वाटतं. ती खोटी नसते बिचारी, तिनं बघितलंच तेवढं असतं.

दोन दिवाळ्या पोरीनं फुकट काढल्या. गल्लीतल्या फराळाच्या ताटावर खूष. तिसऱ्या वर्षी, म्हणजे नववीत, नवरात्रात कोपऱ्यावरच्या घरी घट बसले होते, तिथल्या काकूंनी अंगणात तीन बाय तीनचा गालिचा काढून घेतला आणि झाल्यावर विचारलं, काय देऊ गं? ही म्हणाली, द्या काही पण. काकूंनी पर्समध्ये हात घातला आणि पन्नासची नोट निघाली ती दिली. पोरगी उड्या मारत घरी. आयुष्यातली पहिली कमाई म्हणून आईला दाखवली.

आईनं नोट घेतली, देवापुढं ठेवली, आणि मग तिनं जे विचारलं त्यातून ही पुढची सगळी गोष्ट झाली. म्हणाली, मी तुला रांगोळी आणायला पैसे दिले होते त्यातले किती उरले? हिनं डबे उघडून बघितले तर पांढरी किलोभर संपलेली आणि रंगाच्या सहा पुड्या. तेव्हा पांढरी वीस रुपये किलो पडली होती आणि शंभर ग्रॅमची रंगाची पुडी दहाला, म्हणजे ऐंशी रुपये तिथं अंगणात सांडून आली होती आणि पन्नास घेऊन आली होती. घरातूनच तीस गेले. आई रागावली नाही. ती एवढंच म्हणाली की माल तर गेलाच, आणि दुपार कुठं गेली ते बी लिही.

आता हे बघ, त्या घरात प्रत्येक कामाला मोजमाप होतं. बापाला हमाली पोत्यामागं, आईला वेचणी किलोमागं. संध्याकाळी शेतात काटा लावून कापूस मोजल्याशिवाय आई घरी निघायची नाही. असं घर असून पोरीच्या कामाला मोजमाप नव्हतं, कारण ते काम आहे असं कोणी म्हणलंच नव्हतं, ती "आवड" होती. आवड असली की मोजायचं नाही असं आपण धरून चालतो, आणि मला हे पटत नाही. मलाही शिवायला आवडतं, तरी अस्तराच्या ब्लाऊजला बिनअस्तरापेक्षा जास्त लागतो तो वेळ मी धरते.

तर पोरीनं वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. पुढची रांगोळी काढली तेव्हा निघताना घड्याळ बघितलं आणि घरी येऊन परत बघितलं. तिचा अंदाज होता की तीन फुटाला एक तास लागतो. वहीत निघाले दोन तास दहा मिनिटं. तिला वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून पुढच्या वेळी तुकडे पाडून लिहिलं. अंगण झाडून पुसून वाळेपर्यंत दहा मिनिटं. दोरी आणि खडूनं गोल आखणं, मध्य काढणं पंधरा. रंग भरणं एक तास. वरून पांढऱ्या रेघा, जाळी, ठिपके अर्धा तास. आणि राहिलेली पंधरा मिनिटं रंग परत डब्यात भरणं, हात धुणं, "थांब गं फोटो काढते" आणि "आमच्या पिंकीला पण शिकव ना" यात. बेरीज परत तेवढीच, दोन तास दहा. तिच्या डोक्यात होता तो एक तास फक्त रंग भरायचा होता, कारण तोच तिला रांगोळी वाटायचा.

बाळा, इथं थोडं थांब, कारण भाव चुकतो तो इथंच. आपण फक्त हाताचा वेळ धरतो. झाडणं, वाळायची वाट बघणं, आखणं, आवरणं, बोलणं, ह्याला आपण काम म्हणत नाही, पण तेवढा वेळ तू दुसरीकडं नसतेस ना, ना अभ्यासाला, ना दुसऱ्या अंगणात. घरातून पाय बाहेर पडला तिथून परत घरात येईपर्यंत सगळा वेळ त्या रांगोळीचाच. अंगणाचाही फरक पडतो. शहाबादी फरशी असली तर गुळगुळीत, माल कमी, हात भराभर चालतो. गट्टू असले तर फटींमध्ये रांगोळी नुसती जाते, रेघ तुटते, तीच डिझाईन अर्धा तास जास्त खाते. ओबडधोबड कोबा असेल आणि गेरू लावायचा असेल तर तो वाळायलाच वेळ जातो, आणि नळाला पाणी आलेलं नसेल तर सड्याला पाणी मागण्यापासून सुरुवात. तिनं हे सगळं लिहिलं, अंगण कुणाचं आणि कसलं ते पण.

मग प्रश्न आला की एका तासाला किती धरायचे. ही माझ्याकडं आली, मी म्हणलं आईला विचार. आईचा हिशोब सरळ. त्या वर्षी वेचणी किलोला दहा रुपये चालू होती, ती दिवसाला चाळीस किलोच्या आसपास वेचायची, चारशे रुपये, आठ तास. तास पन्नासाला. आई म्हणाली, माझा तास पन्नासाला जातो, तुझा त्याच्या खाली देऊ नको, तू घरी बसून अभ्यास कर त्यापरीस. मला हा हिशोब फार आवडला. कारण पोरीनं भाव हवेतून आणला नाही, आईच्या पाठीतून आणला. वर किती जायचं ते पुढं बघता येतं, पण खाली कुठं थांबायचं ते ठरलं.

आता मांड. दोन तास दहा मिनिटांचे एकशे आठ, माल ऐंशी, झाले एकशे अठ्ठ्याऐंशी. तिनं दोनशे ठरवले. आणि लगेच दुसरा आकडा पण ठरवला, माल घरवालीचा असेल तर एकशे वीस. हे दोन आकडे वेगळे ठेवणं फार कामाला आलं, कारण बायकांना दोनशे ऐकून धक्का बसायचा, पण "रंग तुमचे असतील तर एकशे वीस" म्हणलं की त्या स्वतःच मनात रंगाचा खर्च मांडायच्या, आणि हिला काही समजावून सांगावं लागायचं नाही.

मग आला तो "थोडीशी मोठी काढ ना" हा प्रकार. तुलाही येईल, लिहून ठेव. एका घरी ठरली तीन फुटाची, हिनं आखायला घेतली तशी वहिनी म्हणाल्या, एकच फूट वाढव, अंगण मोकळं दिसायलंय. पोरगी हो म्हणायच्या बेतात होती. तिचा बाप तिथं सायकलवर थांबला होता, तो एवढंच बोलला की पोतं किती किलोचं ते बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. हिच्या डोक्यात उजेड पडला. तीन बाय तीन म्हणजे नऊ चौरस फूट. चार बाय चार म्हणजे सोळा. एक फूट वाढवलं म्हणताना काम जवळपास दुप्पट झालं. आखायला आणि कडेला तेवढा फरक पडत नाही, पण रंग तर पूर्ण जागेवर भरावा लागतो ना, आणि सगळ्यात जास्त वेळ नि माल तोच खातो. नंतर तिनं चार फुटाची एकदा मोजून बघितली तर सव्वातीन तास निघाले, आणि माल एकशे चाळीसच्या घरात. म्हणून चार फुटाचे सव्वातीनशे. आणि उलटही खरं. दोन फुटाची म्हणजे चारच चौरस फूट, तासाभरात होते, माल पस्तीसचा, ती शंभराला परवडते. म्हणून कोणी म्हणलं ना, "कमी कर गं थोडं", तर तिनं भाव कमी करायचा नाही असं ठरवलं, फूट कमी करायचं. "काकू, दीडशेत बसवायचं तर अडीच फुटाची काढते." बाजारात प्लॅस्टिकची चिकटवायची रांगोळी तेव्हा शंभर-दीडशेत मिळायची, त्यामुळं छोट्या रांगोळीला शंभराच्या फार वर लोक जाणार नाहीत, हेही तिला कळलं होतं. तासाचे जास्त सुटायचे तर ते मोठ्या गालिच्यातून, स्टिकर तिथं कामाला येत नाही.

आता लक्ष्मीपूजनाचा दिवस. खरी परीक्षा तीच.

बघ, रांगोळी सगळ्यांना हवी असते त्याच दिवशी आणि त्याच वेळेला. सकाळी काढली तर दिवसभर पोरं तुडवतात, म्हणून बायकांना ती दुपारनंतर हवी, आणि दिवे लागायच्या आत पूर्ण हवी. म्हणजे दुपारी दीड ते सहा, साडेचार तास. त्यात तीन फुटाचे दोनच गालिचे बसतात, कितीही हात चालव. आणि त्या वर्षी तिला गल्लीतून सहा घरांनी सांगितलं होतं. आधीच्या दोन वर्षी तिनं सहाही घरी धावत-पळत काढल्या होत्या, कुठं अर्धवट, कुठं पावलंच, आणि सहाही घरी कोणी ना कोणी तोंड वाकडं केलं होतं.

या वेळी तिनं वसुबारसेलाच सगळीकडं जाऊन एकाच वाक्यात सांगितलं, केवढी, कधी, रंग कुणाचे, किती. "काकू, लक्ष्मीपूजनाला दुपारी दोनच मोठ्या जमतील, तीन फुटाची, रंग माझे, दोनशे. धनतेरसला संध्याकाळी अडीच फुटाची काढली तर दीडशे." दोन घरांनी दुपार घेतली आणि निम्मे पैसे आगाऊ दिले, त्यातूनच रंग आले, आईकडं मागावं लागलं नाही. दोघींना उंबऱ्याची कडा आणि लक्ष्मीची पावलं, वीस मिनिटांचं काम, तीस रुपये, ते चाललं. एकीनं धनतेरस घेतली. आणि सहाव्या काकू चिडल्या. "एवढीशी पोरगी, शेजारधर्म नाही का काही, आम्ही काय परके?" त्यांनी स्टिकर आणलं. पोरगी त्या दिवशी माझ्याकडं येऊन रडली. मी तिला म्हणलं, काकूंचा राग खरा आहे, त्यांच्या हिशोबात तू त्यांच्या घरचीच, पण त्यांच्या घरचं म्हणून तुझी दुपार लांबत नाही. महिनाभरानं त्याच काकू हळदी-कुंकवाला बोलवायला आल्या, बोलणं तुटलं नाही. पण तुझ्याकडं तुटणारच नाही असं मी कसं सांगू, काही ठिकाणी कुरबूर राहते, तेवढं धरून चाल.

ह्याच्यात मोंढ्यातली गोष्ट आली. बाप ज्या अडत दुकानावर हमाली करायचा तिथल्या मालकांनी हिच्या रांगोळीचं ऐकलं होतं. लक्ष्मीपूजनाला दुकानात वहीपूजन, सोयाबीनचा सीझन, गिऱ्हाईक येणार, तर दुकानापुढं पाच फुटाची काढ, पाचशे देतो असा निरोप आला. पाचशे म्हणल्यावर घरात सगळे गप्प. बाप म्हणाला, मालकाला मोजमाप सांगू नको, देतील ते घे. पण पोरगी वही काढून बसली. पाच बाय पाच म्हणजे पंचवीस चौरस फूट. माल दोनशे वीसचा. काढायला साडेचार तास, आणि सायकलनं जायचं-यायचं मिळून अजून अर्धा तास, पाच तास धर. पाचशेतून दोनशे वीस गेले, राहिले दोनशे ऐंशी, पाच तासांनी भाग, छप्पन रुपये तास. आणि गल्लीतली दोनशेवाली? एकशे वीस भागिले दोन तास दहा मिनिटं, पंचावन्न. सारखंच! पाचशेची नोट मोठी दिसत होती, पण तासाला एकच रुपया जास्त होता. मला तिनं हे पान दाखवलं तेव्हा मी मशीन थांबवून बघितलं.

मग काय केलं तिनं? पाचशेचे सातशे मागायची तिची हिंमत नव्हती, बापाचा मालक, आणि मला ते बरोबरच वाटलं, घरची रोजीरोटी जिथं आहे तिथं पोरीनं ताणून धरू नये. तिनं बापाबरोबर एवढाच निरोप पाठवला की पाचशे चालतील, फक्त रंग आणि पांढरी दुकानानं आणून ठेवावी, मी यादी देते, आणि सकाळी सातला येईन, दुपारनंतर गल्लीत शब्द दिलाय. मालक म्हणाले हो, काय लागंल ते सांग. दोनशे वीसचा माल त्यांच्या हिशोबात किरकोळ होता, हिच्या हिशोबात तो तिच्या तासाचा जवळजवळ निम्मा भाव होता. तेवढ्या एका बदलानं छप्पनचा तास शंभरावर गेला. आणि सकाळची वेळ घेतल्यानं दुपारची दोन घरं पण हातात राहिली.

सात ते बारा मोंढा. घरी येऊन दोन घास खाल्ले आणि दीडला गल्लीत पहिलं अंगण. तीन-चाळीसला ते झालं, फोटो निघाले, ही दुसरीकडं आखायला बसली तेवढ्यात पहिल्या घरचं पोरगं स्कूटी आत घ्यायला गेलं आणि चाक सरळ कमळावरून. काकू हाक मारत आल्या, ही धावत गेली, मोडलेला भाग झाडून परत भरला, चाळीस मिनिटं. दुसरी रांगोळी संपायला साडेसहा वाजून गेले, त्या घरी ताट तयार, पणत्या लावायच्या खोळंबलेल्या, आणि शेवटी ओढलेल्या रेघा जाड-बारीक झालेल्या, कारण सकाळी सातपासून उकिडवं बसून गुडघे आणि बोटं दोन्ही थरथरत होते. पावलांची दोन घरं तिच्या धाकट्या बहिणीनं उरकली. दुसऱ्या घरच्या वहिनींचे पन्नास रुपये हिनं स्वतःहून कमी केले.

यातून दोन गोष्टी तिनं वहीत लिहिल्या त्या मी तुला जशाच्या तशा देते. रांगोळी पूर्ण झाली, घरवालीनं बघितली, फोटो काढला, की ती त्यांची. त्यानंतर मोडली तर दुरुस्ती वेगळी, आणि ती सुद्धा पुढचं घर झाल्यावर. हे आधी सांगायचं, मोडल्यावर सांगितलं तर भांडण वाटतं. दुसरी, दिवसात सहा-सात तासांच्या वर घ्यायचं नाही. थकलेला हात कसा ओळखायचा ते तिनं छान लिहिलं होतं: पाची बोटांतून सोडलेली रेघ एका बाजूनं जाड व्हायला लागते, आणि चिमटीतून टाकलेला ठिपका गोल पडायचा थांबतो, शेपटी येते त्याला. तसं दिसलं की त्यापुढच्या तासाचे पूर्ण पैसे घेणं बरोबर नाही, म्हणजे तो तास विकायलाच काढायचा नाही. पाडव्याला तिला अजून एका ठिकाणाहून बोलावणं आलं होतं, तिनं नाही म्हणलं. सुट्टी संपली की शाळा, आणि पुढं दहावी होती.

एक राहिलंच. गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहायच्या. त्यांच्या दारात ही पोरगी पहिल्यापासून काढायची आणि अजूनही काढते, पैसे घेत नाही. पण वहीत लिहिते. "आजी, दोन फुटाची, एक तास, शंभर रुपये, माझ्याकडून." मी विचारलं कशाला लिहितेस, घ्यायचेच नाहीत तर. म्हणाली, मावशी, मी काय दिलं ते मला कळलं पाहिजे ना. तूही हे कर. फुकट काढायची तिथं खुशाल काढ, आत्याच्या घरी काढ, मैत्रिणीच्या घरी काढ, देवळात काढ, पण आधी ठरवून आणि आकडा लिहून. तोंडातून "द्या काही पण" निघालं म्हणून फुकट झाली, असं होऊ देऊ नको. "काही पण" म्हणलं की समोरची बाई पर्समध्ये जी नोट सापडते ती देते, त्यात तिचा पण दोष नाही, तूच तिला दुसरा आकडा दिला नाहीस.

आता तू काय करायचं ते सांगते. तुझ्या गावचे रंगाचे भाव वेगळे असतील, वेचणीचा भाव दरवर्षी बदलतो, तुझा हात तिच्यापेक्षा हळू किंवा जलद असेल, म्हणून तिचे दोनशे तसेच उचलू नको. दिवाळीच्या आत घरच्या अंगणात तीन फुटाची एक काढ, मोबाईलवर वेळ लाव, सामान बाहेर काढायच्या आधी सुरू कर आणि हात धुऊन झाल्यावर बंद कर. पांढरी आणि रंग आधी तोलून घे, उरलेलं परत तोल, किराणा दुकानातला काटा चालेल. दुसऱ्या दिवशी गट्टूवर एक काढ, कारण तुमच्या गल्लीत निम्म्या दारात गट्टू आहेत. आईला विचार तिचा किंवा मावशीचा तास आजकाल कितीला जातो. हे सगळं मला लिहून पाठव, आपण फोनवर बसून आकडा ठरवू, आणि मग कुणाच्या दारात कोणतं वाक्य बोलायचं ते पण. तुझ्या त्या ब्लाऊजपीसवाल्या काकूंकडं सगळ्यात आधी जा, मला वाटतं त्या हो म्हणतील, ज्या बाईला न मागता काहीतरी द्यावं वाटलं तिला तुझ्या वेळेचा अंदाज थोडातरी आहे.

तुझी,
शिलाईवाली मावशी
परभणी

ता.क. केशरी आणि जांभळा आधी संपतो, त्याच्या दोन-दोन पुड्या जास्त आण, आणि बिल जपून ठेव.